मालकांना बोलवा!

आमच्या साडीच्या दुकानात अण्णा ३१ वर्षं नोकरीला आहेत आणि एवढ्या काळात त्यांना निदान ४० वेळा कामावरून काढून टाकण्यात आलं आहे. काढायचे ते माझे वडील, म्हणजे थोरले मालक. पद्धत ठरलेली होती. एखादी बाई साडीची पिशवी घेऊन तणतणत आली, की वडील गल्ल्यावरून उठायचे, तक्रार अर्धीमुर्धी ऐकायचे आणि गादीवरच्या अण्णांकडे बोट करून गरजायचे, "तुला किती वेळा सांगितलं, गिऱ्हाइकाला असला माल दाखवू नकोस! ऊठ, हिशोब घे आणि चालायला लाग!"

अण्णा मान खाली घालून उठायचे, खुंटीवरची पिशवी काढायचे, पायरीवर बसून सावकाश चपला घालायचे. दुसऱ्या चपलेपर्यंत बाईंचा राग पाघळलेला असायचा. "अहो, राहू द्या हो. लेकराबाळांचा माणूस आहे. एका साडीपायी कुणाच्या पोटावर पाय नको." साडी बदलून मिळायची, जाताना बाई दोन ब्लाउजपीस जास्तीचे घेऊन जायच्या आणि अण्णा मागच्या दाराने येऊन पुन्हा गादीवर बसायचे. त्या संध्याकाळी वडील त्यांच्यासाठी कोपऱ्यावरच्या गाड्यावरून कांदाभजी मागवत. हा बडतर्फीचा भत्ता.

वडील गेले आणि गल्ला माझ्याकडे आला. गल्ल्याबरोबर हे नाटकही वारशाने आलं, अशी माझी समजूत होती. तोवर दुकानात दोन मुलीही कामाला लागल्या होत्या. बिलं करते तिला सगळे ताई म्हणतात आणि नवी आली ती धाकटी. धाकटीला येऊन तीन आठवडे झाले होते. एक बाई भर दुपारी आल्या. साडीतला ब्लाउजपीस मीटरभर आहे असं सांगितलं होतं, शिंप्याने मोजला तर ८० सेंटिमीटरच भरला. बाईंनी आवाज चढवला आणि माझ्या अंगात वडील संचारले. मी उठलो, धाकटीकडे बोट केलं आणि तो सगळा संवाद एका दमात म्हटला.

धाकटी उठली. तिने डबा घेतला, ओढणी घेतली, चपला घातल्या आणि ती गेली. मी बाईंकडे बघत थांबलो. त्यांनी "राहू द्या हो" म्हणायचं, हा त्यांचा भाग. त्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "अहो, ती खरंच गेली की."

पुढचं थोडक्यात सांगतो. मी आणि त्या बाई, दोघं माझ्या स्कूटरवरून धाकटीच्या घरी गेलो. तिचे वडील ओट्यावर बसले होते. ब्लाउजपीस २० सेंटिमीटर कमी भरला म्हणून चिडलेल्या बाईंनी त्यांची माफी मागितली, मी मागितली, आणि धाकटी दुसऱ्या दिवशी आली. ब्लाउजपीसचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. आल्या आल्या अण्णा मला म्हणाले, "मालक, नाटकाला तालीम लागते." मी ते वाक्य शब्दशः घेतलं. सोमवारी आमचं दुकान बंद असतं. सलग तीन सोमवार, दोन-दोन तास, शटर अर्धं खाली ओढून आम्ही तालीम केली. तासांचा पगार दिला आणि भजी मागवली.

चिडलेलं गिऱ्हाईक कोण होणार, यावर चर्चाच झाली नाही. अण्णांनी पिको-फॉल करणाऱ्या मावशींची पर्स खांद्याला अडकवली, उंबऱ्याबाहेर गेले आणि आत आले ते थेट एका नणंदेच्या रूपात. ३१ वर्षांत ऐकून घेतलेलं सगळं त्यांच्या पोटात साठलेलं होतं. ते आमच्या अंगावर आलं. मुलींना सांगितलं होतं, पहिल्या दिवशी सुचेल ते बोला. त्या बोलत गेल्या, मी वहीत लिहीत गेलो. तासाभरात सहा वाक्यं अशी निघाली की ज्यांच्यानंतर अण्णांचा आवाज दर वेळी एक पट्टी वर गेला.

पहिलं, "बिल आणलंय का?" प्रश्न रास्त आहे, पण तो आधी आला की ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ "तुम्ही चोर आहात का?" असा लागतो. दुसरं, "शांत व्हा." हे वाक्य ऐकून आजवर कुणी शांत झाल्याचं अण्णांच्या पाहण्यात नाही. तिसरं, "आतापर्यंत एकाचीही तक्रार नाही." म्हणजे अख्ख्या तालुक्यात तुम्हीच एक भांडखोर. चौथं, "माल वरूनच असा येतो." वर म्हणजे कुठे? आकाशातून? पाचवं, "धुतली का तुम्ही?" हे असं विचारलं जातं जणू साडी धुणं हा गुन्हा आहे. आणि सहावं, सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं, "मालक नाहीत." तेव्हा मालक सहा फुटांवर गल्ल्याशी बसून बोटाला थुंकी लावून नोटा मोजत असतात.

ही सहा वाक्यं बंद केली. पण वाक्य बंद केलं की तोंडात पोकळी होते आणि भर गर्दीत माणूस त्या पोकळीत जुनंच वाक्य कोंबतो. म्हणून त्यांच्या जागी म्हणायची वाक्यं ठरवली आणि ती पाढ्यांसारखी घोकली.

गिऱ्हाईक उंबऱ्यात दिसलं आणि चाल बघून कळलं की हे घ्यायला आलेलं नाही, की पहिलं वाक्य: "या ताई, बसा. पाणी घ्या. काय झालं ते मला नीट सांगा." हातातली घडी, कात्री, मोबाइल खाली ठेवायचा. बसवणं महत्त्वाचं, कारण आमच्याकडे गादी आहे आणि मांडी घालून बसलेल्या माणसाला फार वेळ ओरडता येत नाही. पोट दाबलं जातं.

गादीवर इतर गिऱ्हाइकं असतील तर दुसरं वाक्य: "इकडे दारापाशी या, उजेडात साडी बघू." गर्दीपुढे माणसाला माघार घेता येत नाही. चार बायका बघत असतील तर पाचवीला भांडण जिंकावंच लागतं. पण "आत चला" म्हटलं की पोलीस चौकीत नेल्यासारखं वाटतं. उजेडात साडी बघणं ही मात्र साडीच्या दुकानातली सगळ्यांत सरळ गोष्ट आहे. त्यात कुणाला वावगं दिसत नाही.

मग ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, "पण" तर अजिबात नाही. धाकटीने विचारलं, "किती वेळ ऐकायचं?" अण्णा म्हणाले, "रागाला घड्याळ लावू नकोस, खूण बघ." ही खूण मला एवढ्या वर्षांत कळली नव्हती. चिडलेलं माणूस आधी सांगतं, मग तेच पुन्हा सांगतं आणि तिसऱ्यांदा सांगताना त्याचा आवाज खाली येतो. मग ते पिशवीतून वस्तू बाहेर काढतं किंवा प्रश्न विचारतं: "आता काय करणार तुम्ही?" प्रश्न आला की राग उतरला. त्याआधी दिलेलं उत्तर वाया जातं, मग ते कितीही चांगलं असो. मी तोवर नेहमी पहिल्या फेरीतच साडी बदलून द्यायला धावायचो आणि बाई दुप्पट का चिडतात ते मला कळायचं नाही. त्यांचं बोलून झालेलं नसायचं, एवढंच.

उत्तराआधी तक्रार त्यांच्याच शब्दांत परत म्हणायची: "म्हणजे गेल्या महिन्यात नेलीत, एकदाच नेसलात आणि पहिल्याच धुण्यात काठाचा रंग अंगावर उतरला. बरोबर ना?" "बरोबर" असं उत्तर आलं की बाई आणि आपण पहिल्यांदा एका बाजूला आलो. बिल मागायचं ते इथे: "नोंद शोधायला बिल असेल तर बरं होईल, नसेल तर तारीख सांगा, मी वहीत बघते."

माफीचे आम्ही दोन प्रकार केले. "तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटलं" ही माफी कुणीही, केव्हाही, मुक्तहस्ते द्यावी. "चूक आमची आहे" ही माफी साडी बघितल्यावर, आणि खरंच असेल तरच. पहिली न देता दुसरी टाळत बसलं की माणूस वकिलासारखं बोलायला लागतो.

हाक कशी मारायची यावर एक अख्खा सोमवार गेला. धाकटी एकवीस वर्षांची, तिला तिशीपुढचं सगळं जग काकू वाटतं. पण चाळिशीतल्या बाईला चिडलेल्या अवस्थेत "काकू" म्हणणं म्हणजे तक्रारीत दुसरी तक्रार घालणं. "मॅडम" म्हटलं तर बँकेत आल्यासारखं वाटतं. शेवटी ठराव झाला: बाई कोणत्याही वयाची असो, ताई. पुरुष असेल तर दादा, आणि केस पूर्ण पांढरे असतील तरच काका. ७५ वर्षांच्या एक आजी "ताई" ऐकून इतक्या खुलल्या की तक्रार विसरून चोळीचा खण घेऊन गेल्या.

तालमीचा दुसरा भाग मर्यादांचा. हा खरा कठीण, कारण यात मुलींना काही सोडायचं नव्हतं, सोडायचं होतं ते मला. तोवर कुणाला ६० रुपयांचा पिको उसवून पुन्हा करून द्यायचा असला तरी दुकानभर हाक जायची, "मालक, करू का?" गिऱ्हाइकाला त्यातून एकच कळायचं: या पोरींच्या हातात काही नाही, मालकावरच ओरडावं.

आता गल्ल्याच्या झाकणाला आतून कागद चिकटवला आहे. ताई आणि धाकटी, ३०० रुपयांपर्यंत: फॉल बदलणं, पिको पुन्हा करणं, ब्लाउजपीस बदलून देणं. कुणाला विचारायचं नाही, फक्त वहीत लिहायचं. अण्णा, दीड हजारापर्यंत: साडीला साडी बदलून देणं. त्यापुढे मी. पहिल्या महिन्यात मी रोज रात्री ती वही धडधडत्या छातीने उघडत होतो. वाटलं होतं, पोरी दुकान लुटवतील. महिन्याचा खर्च १,१४० रुपये निघाला. त्यातले ४०० मी स्वतः दिलेले होते, विचारण्याची गरज नसताना.

काय द्यायचं नाही हेही ठरलं. मन बदललं म्हणून साडी परत आली तर सात दिवसांत, फॉल लावलेला नसताना, बदलून देतो. रोख देत नाही. त्यासाठी वाक्य: "ताई, फॉल लावलेली साडी मला दुसऱ्या कुणाला नवी म्हणून विकता येणार नाही. तुम्हाला कुणी अशी दिली तर चालेल का?" हा नकार आहे, पण त्यात कारण आहे. "नियम आहे" या वाक्यात नुसती भिंत असते.

भिंतीवरून आठवलं. आमच्या भिंतीवर वडिलांच्या काळापासून एक पाटी होती: एकदा विकलेला माल कोणत्याही परिस्थितीत परत घेतला जाणार नाही. कर्मचारी अडले की त्या पाटीकडे बोट करायचे. ती मी काढली, मोठ्या मनाने नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत छापली असेल तर त्या मुदतीत, छापली नसेल तर ३० दिवसांत. साधं बिल न देणंही त्याच यादीत आहे. मन बदललेल्या गिऱ्हाइकाला हा कायदा परतीचा हक्क देत नाही, सदोष माल मिळालेल्याला देतो. हा फरक तिघांनाही पाठ करायला लावला, कारण निम्मी भांडणं याच दोन गोष्टींची गल्लत होऊन पेटतात.

दुसरी मर्यादा वागण्याची. साडीवर ओरडलं तर ऐकायचं. दुकानावर ओरडलं तर ऐकायचं. माझ्यावर ओरडलं तर आवडीने ऐकायचं. पण मुलीला शिवी दिली, तिची जात किंवा घर काढलं, हात धरला, तर ऐकण्याचं काम तिथे संपलं. त्यासाठी एक वाक्य, सपाट आवाजात, एकदाच: "साडीबद्दल हवं तेवढं बोला, मी ऐकते. शिवी दिलीत तर मी उठेन आणि मालक येतील." पुन्हा शिवी आली तर खरोखर उठायचं. इथे धाकटी चाचपडत होती. तिला ते वाक्य धमकीसारखं वाटत होतं आणि प्रत्येक वेळी शेवटी ती "सॉरी" जोडत होती. अण्णांनी तिला ते अकरा वेळा म्हणायला लावलं. अकराव्या वेळी ते इतकं नीट आलं की अण्णाच चपापून पर्स सावरायला लागले.

याच्या जोडीला तीन गोष्टी. एकीवर कुणी ओरडत असेल तर दुसरीने जवळ येऊन घड्या घालत उभं राहायचं, तिला एकटं सोडायचं नाही. कुणी मोबाइलवर चित्रण करायला लागलं तर मोबाइलला हात लावायचा नाही, तसंच बोलत राहायचं, कारण नीट बोलणाऱ्याचं चित्रण झालं तर बिघडत काही नाही. आणि कुणी हात उगारला, तर साडीचा विषय बंद, काउंटरच्या मागे जायचं आणि ११२ ला फोन करायचा. त्याला दारात अडवायचं नाही. जातोय तर जाऊ द्यायचं.

तिसरा भाग, मालकाने कधी उठायचं. हा कागद अण्णांनी सांगितला आणि ताईने लिहिला. माझं मत विचारलं नाही. मालकाने चारच वेळा उठावं: रक्कम कागदावरच्या आकड्यापुढे गेली, शिवीनंतरचं वाक्य म्हणून झालं, गिऱ्हाइकाने "मालकांना बोलवा" हे दुसऱ्यांदा म्हटलं, किंवा चूक कर्मचाऱ्याची निघाली. पहिल्यांदा "मालकांना बोलवा" आलं तर म्हणायचं: "बोलावते ताई. त्यांना काय सांगू ते एकदा मला सांगा, म्हणजे तुम्हाला पुन्हा सगळं सांगावं लागणार नाही." दहांतल्या बऱ्याच जणी सांगता सांगता तिथेच निवळतात.

खाली ठळक अक्षरात: मालकांनी पहिली पाच मिनिटं गल्ल्यावरून उठू नये.

आणि उठल्यावर? तीन अटी. कर्मचाऱ्याने गिऱ्हाइकासमोरच मालकाला दोन वाक्यांत हकिकत सांगायची. चुकलं तर बाई दुरुस्त करतील, बरोबर असलं तर त्यांना आपलं ऐकलं गेल्याचं समाधान. मालकाने बाईंसमोर कर्मचाऱ्याला एक शब्द बोलायचं नाही. आणि कर्मचाऱ्याने जे देऊ केलंय त्याहून जास्त मालकाने द्यायचं नाही. ही तिसरी अट माझ्या जिवावर आली. गिऱ्हाइकापुढे उदार होणं हा माझा आवडता खेळ होता. पोरगी म्हणणार "बदलून मिळेल", मी मागून येऊन "बदलून घ्या आणि वर हा रुमालही ठेवा." बाई म्हणणार, "मालक चांगले आहेत, पोरीच मेल्या आडमुठ्या." अण्णा म्हणाले, "मालक, त्या रुमालाचे पैसे आम्ही भरतो. पुढच्या वेळी त्या आमच्याशी बोलतच नाहीत, ओरडायला लागतात आणि तुमची वाट बघतात." या वाक्यावर मला उत्तर नव्हतं. मी भजी पुढे केली.

परीक्षा झाली लग्नसराईतल्या एका शनिवारी, संध्याकाळी सातला. गादीवर दोन लग्नांचे बस्ते एकाच वेळी चाललेले. एक बाई आल्या, हातात पिशवी, पिशवीत नारायणपेठी साडी, मोतिया अंग आणि मरून काठ, २,८५० रुपयांची. बारशाला नेसल्या, पहिल्यांदा धुतली आणि मरून रंग मोतिया अंगावर पसरला. उंबऱ्यातूनच सुरुवात झाली, "लुटायला बसलात का?" बस्त्यातल्या अकरा बायका एकदम वळल्या.

मी उठलो. ताईने गल्ल्याच्या झाकणावर बोट आपटलं. मी बसलो.

धाकटीने कात्री खाली ठेवली. "या ताई, इकडे दारापाशी, उजेडात बघू." पाणी दिलं, बसवलं. बाई बोलल्या, पुन्हा बोलल्या. तिसऱ्यांदा बोलताना त्यांनी साडी बाहेर काढली आणि विचारलं, "आता हिचं काय करू मी?" मी मनात अण्णांना हात जोडले. धाकटीने हकिकत परत म्हणून दाखवली, तारीख घेतली, वहीत बिल सापडलं. मग दोघींनी साडी पसरली.

इथे थोडं कसबाचं सांगतो. ओली साडी घडी करून किंवा पिळून तशीच ठेवली, तर रंग घडीच्या दोन्ही बाजूंना लागतो आणि उलगडल्यावर डाग जोडीने दिसतात, आरशातल्यासारखे. रंगच कच्चा असेल तर काठालगत सगळीकडे सारखी पसरट झाक येते, घडी असो वा नसो. या साडीवर काठाला सलग झाक होती आणि पदराशी चार जोडडाग. म्हणजे बादलीत थोडा वेळ राहिली होती हे खरं, पण रंग सुटला तो त्याआधीच. अण्णा न सांगता त्याच गठ्ठ्यातली दुसरी नवी साडी घेऊन आले. पांढरा सुती रुमाल ओला करून काठाच्या उलट्या बाजूवर दहा वेळा घासला. रुमाल गुलाबी झाला. बाईंनी पाहिला, अकरा बायकांनीही पाहिला.

धाकटी म्हणाली, "ताई, चूक आमच्या मालाची आहे. याच किमतीची दुसरी साडी किंवा पूर्ण पैसे, दोन्हींतलं एक करता येईल. रक्कम माझ्या हातातली नाही, मालकांना बोलावते." मी आलो. तिने दोन वाक्यांत सांगितलं आणि मग तिसरं वाक्य स्वतःहून जोडलं, जे तालमीत नव्हतं: "आणि मालक, पहिली धुलाई वेगळी, थंड पाण्यात करा, हे मी विकताना सांगायला विसरले होते."

माझ्या अंगात वडील जागे झाले. बोट निम्मं वर आलंही होतं. ते मी वळवून डोकं खाजवायला लावलं आणि म्हणालो, "हिने सांगितलं तसंच करू. साडी निवडा, नाहीतर पैसे घ्या."

बाईंनी पाहिलं की मालक नरम आहेत. "बारशात माझी शोभा झाली असती. मला ती पाच हजारांची द्या." जीभ सैल सुटायला आली होती, पण झाकणावरचा कागद आठवला. "ताई, २,८५० ची साडी किंवा २,८५० रुपये. नव्या साडीचा पिको-फॉल उद्या संध्याकाळपर्यंत आमच्याकडून." पिको-फॉलही धाकटीच्या अधिकारातला होता, मी नवीन काही दिलं नाही.

"नाही दिलीत तर ग्राहक मंचात जाईन."

"जरूर जा, तुमचा हक्क आहे. आता त्याला आयोग म्हणतात. आधी विचारायचं असेल तर १९१५ वर फोन करा. बिल सांभाळून ठेवा आणि ही साडीही."

भांडायला कुणी समोर नसलं की भांडण उभं राहत नाही. बाईंनी पाच मिनिटं साड्या उलटवल्या आणि जांभळ्या काठाची एक घेतली, तिचाही काठ ओल्या रुमालाने घासून. मग बस्त्यातल्या अकरा बायकांनीही रुमाल मागितला. त्या संध्याकाळी आमच्या दुकानात प्रत्येक साडी काठ घासून विकली गेली आणि मला नऊ रुमाल फाडावे लागले. त्या गठ्ठ्यातल्या उरलेल्या सात साड्या गुलाबी रुमालासकट व्यापाऱ्याकडे परत गेल्या.

दुकान बंद झाल्यावर मी धाकटीशी बोललो, एकटीशी. बिलावर शिक्का आला: पहिली धुलाई वेगळी, थंड पाण्यात, भिजत ठेवू नये. आता विसरायला माणूस लागत नाही, फक्त शाई लागते.

परवा रात्री हिशोब करताना अण्णा गल्ल्याशी घुटमळत होते. विचारलं, काय हवंय? म्हणाले, "मालक, तालमी वगैरे सगळं बेस झालं. पण मला कामावरून काढल्याला चौदा महिने झाले. भजीचं काय?"